व्यवहारस्थगिती आणि विकल्पधारकाची कोंडी

विकल्प, म्हणजेच बाजारात ज्याला ऑप्शन म्हणतात तो करार, हा एखादा शेअर ठरलेल्या भावाने व ठरलेल्या मुदतीत विकत घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क होय. खरेदीच्या हक्काला कॉल व विक्रीच्या हक्काला पुट अशा संज्ञा आहेत. या हक्कासाठी धारक करार लिहून देणाऱ्यास जी रक्कम देतो ती प्रीमियम होय, आणि ज्या भावाने पुढे व्यवहार करावयाचा तो करारभाव होय. हक्क बजावण्याचे बंधन धारकावर नसते. त्यामुळे त्याचे जास्तीत जास्त नुकसान प्रीमियमइतकेच होते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे विधान चुकीचे नाही. पण ज्या शेअरवर हा हक्क उभा आहे त्याची खरेदी-विक्री बाजारात चालू आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. ती खरेदी-विक्री बंद पडली म्हणजे विकल्पधारकाची जी स्थिती होते, तिचा इतिहास येथे दिला आहे.

विकल्पातून बाहेर पडण्याचे मार्ग दोनच आहेत. पहिला मार्ग म्हणजे तो करार बाजारात दुसऱ्यास विकून टाकणे. बहुसंख्य धारक हाच मार्ग पत्करतात, कारण त्यासाठी ना शेअर लागतात ना मोठे भांडवल. दुसरा मार्ग म्हणजे हक्क बजावणे. कॉलधारकाने हक्क बजावला तर त्याला शेअरची पूर्ण किंमत भरावी लागते. पुटधारकाने बजावला तर त्याला शेअर हवाली करावे लागतात. शेअरचे व्यवहार स्थगित झाले की विकल्पबाजारही बंद होतो आणि पहिला मार्ग तत्काळ मिटतो. दुसरा मार्ग कागदोपत्री उघडा राहतो. परंतु पुटधारकाजवळ शेअर नसतील तर ते आणायचे कोठून, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, कारण जेथे ते मिळावयाचे ती बाजारपेठच बंद असते. करारभाव व मुदत मात्र स्थगितीमुळे बदलत नाहीत. शेअर थांबला तरी दिवस मोजले जातच राहतात.

मुंबईच्या बाजाराला ही कल्पना जुनी आहे. खरेदीच्या हक्काचा सौदा म्हणजे ‘तेजी’ व विक्रीच्या हक्काचा सौदा म्हणजे ‘मंदी’ ही नावे येथील सट्टेबाजारात विकल्पांसाठीच रूढ होती. भारतात १९५६ च्या प्रतिभूती करार (विनियमन) अधिनियमाच्या विसाव्या कलमाने रोख्यांवरील विकल्प बेकायदा ठरविले, व ते कलम १९९५ मध्ये काढून टाकण्यात आले. जुने तेजी-मंदीचे सौदे दोन व्यक्तींमधील, तोंडओळखीवर चालणारे होते. अशा सौद्यात बाजार बंद पडला तर दोघे पक्ष समोरासमोर बसून फरकाची रक्कम ठरवीत. कोंडीचा प्रश्न आजच्या स्वरूपात उभा राहिला तो विकल्प प्रमाणित होऊन त्यांची स्वतंत्र बाजारपेठ निर्माण झाल्यानंतर.

ती बाजारपेठ २६ एप्रिल १९७३ रोजी शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज या नावाने सुरू झाली. प्रारंभी तेथे १६ कंपन्यांच्या शेअरवरील फक्त कॉल विकले जात. पुट १९७७ मध्ये आले. येथे विकणारा व घेणारा यांची गाठ कधी पडत नाही. दोघांच्या मध्ये समाशोधन संस्था उभी राहते व प्रत्येक कराराची हमी घेते. अमेरिकेत सर्व शेअरविकल्पांसाठी हे काम ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही एकच संस्था करते. या रचनेमुळे करार विकून मोकळे होणे अतिशय सोपे झाले. पण समोरच्या माणसाबरोबर बसून तडजोड करण्याची जुनी सोय मात्र गेली. नियमांत जे लिहिले असेल तेवढेच घडते.

मूळ शेअर थांबला की विकल्पही थांबवावा, हा नियम लहरीखातर केलेला नाही. विकल्पाची किंमत शेअरच्या भावावरून काढली जाते. बाजारातील मध्यस्थ पुट विकत घेतो तेव्हा तो धोका आवरण्यासाठी त्याच वेळी काही शेअर खरेदी करतो. शेअर मिळत नसेल तर त्याला आपला धोका आवरता येत नाही, व मग तो कोणताही भाव सांगण्यास तयार होत नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये याचा प्रत्यय आला. १९ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कमधील डाउ जोन्स निर्देशांक ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी, कोसळला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये अनेक मोठ्या कंपन्यांच्या शेअरचे व्यवहार ठप्प झाल्याने शिकागोतील निर्देशांक-विकल्पांचे व्यवहारही काही काळ थांबवावे लागले. त्याच आठवड्यात हाँगकाँगच्या शेअरबाजाराने चार दिवस दारे बंद ठेवली. २६ ऑक्टोबरला ती उघडताच हँगसेंग निर्देशांक एका दिवसात सुमारे ३३ टक्के घसरला. बंद दाराआड भाव थांबत नाही, तो केवळ दिसेनासा होतो, ही गोष्ट त्या सोमवारी उघड झाली.

अमेरिकेत अध्यक्षांनी नेमलेल्या ब्रॅडी समितीच्या अहवालानंतर १९८८ मध्ये संपूर्ण बाजाराला लागू होणारे खंडक नियम आले. वीजमंडलातील खंडक, म्हणजे सर्किट ब्रेकर, प्रवाह तोडतो त्यावरून हे नाव पडले. हे नियम २७ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रथम वापरात आले. २०१३ पासून तेथे ७, १३ व २० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत आणि मार्च २०२० मध्ये त्या चार वेळा लागू झाल्या. याखेरीज एकेका शेअरसाठी काही मिनिटांची विश्रांती देणाऱ्या भावमर्यादाही आहेत. या प्रकारच्या स्थगितीत विकल्पधारकाची कोंडी होते ती थोड्या वेळापुरती, आणि ती केव्हा संपणार हे आधीच माहीत असते. खरी कोंडी निराळ्याच प्रकारात होते. एखाद्या कंपनीविषयी मोठी बातमी येऊ घातली आहे म्हणून तिच्या शेअरचे व्यवहार थांबवले जातात, आणि ते पुन्हा केव्हा सुरू होतील हे कोणीच सांगू शकत नाही. मार्च २०२३ मधील सिलिकॉन व्हॅली बँकेचे प्रकरण हे याचे सर्वांत बोलके उदाहरण असल्याने ते येथे तपशिलाने पाहू.

ही बँक कॅलिफोर्नियात होती. तिची मालकी एसव्हीबी फिनान्शियल ग्रुप या धारक कंपनीकडे होती व नॅसडॅक बाजारात खरेदी-विक्री होत असे ती या धारक कंपनीच्या शेअरची. बँक आणि तिची मालक कंपनी यांतील हा भेद पुढे महत्त्वाचा ठरला. ८ मार्च २०२३ रोजी शेअरचा बंद भाव २६७.८३ डॉलर होता. त्या दिवशी बाजार बंद झाल्यावर कंपनीने जाहीर केले, की रोखे विकल्यामुळे तिला सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला असून ती नवे भांडवल उभारणार आहे. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न केला, आणि शेअर ६० टक्के घसरून १०६.०४ डॉलरवर बंद झाला. १० मार्चला, शुक्रवारी, नियमित बाजार उघडण्यापूर्वीच्या व्यवहारांत तो ३९.४० डॉलरपर्यंत उतरला असता नॅसडॅकने व्यवहार स्थगित केले. त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या नियामकाने बँक बंद करून ती संघराज्याच्या ठेव विमा महामंडळाच्या स्वाधीन केली.

शेअरविकल्पांचे व्यवहार सकाळी साडेनऊनंतरच सुरू होतात. त्यामुळे ज्यांनी पुट घेऊन ठेवले होते त्यांना शुक्रवारी ते विकण्याची एका क्षणाचीही संधी मिळाली नाही. बँक बुडाली ही त्यांची अटकळ शंभर टक्के खरी ठरली होती. तरीही त्यांच्या खात्यांत दिसत असलेला शेअरचा शेवटचा अधिकृत बंद भाव १०६.०४ डॉलर हाच होता, आणि पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ या एका आकड्यात आहे.

एक कल्पित धारक घेऊन हिशेब करून पाहू. समजा, त्याने ९ मार्च रोजी १०० डॉलर करारभावाचा व १७ मार्चला मुदत संपणारा एक पुट ८ डॉलर प्रीमियम देऊन घेतला. अमेरिकेत एक करार १०० शेअरचा असतो. म्हणजे त्याचे ८०० डॉलर गुंतले. शेअर शून्यावर गेला तर या पुटाचे मूल्य १०,००० डॉलर होते. परंतु अधिकृत भाव १०६.०४ डॉलर असल्यामुळे कागदावर हा पुट निरुपयोगी दिसत होता. बाजारात १०६ डॉलरला विकता येणारी वस्तू कोण १०० डॉलरला विकील?

मुदतीच्या दिवशी समाशोधन संस्था ज्या करारांत एक सेंट जरी फायदा दिसत असेल ते धारकाने न सांगताही बजावले असे धरते. सामान्य काळात ही मोठी सोय असते. पण हा फायदा मोजला जातो तो शेअरच्या बंद भावावरून. शेअरचे व्यवहारच झाले नसतील तर संस्था एक तर शेवटचा भाव धरते, नाही तर कोणताच भाव न ठरवता ही आपोआप बजावणी थांबवते. यांपैकी काहीही झाले तरी आपल्या धारकाचा पुट आपोआप बजावला जात नाही. त्याने दलालास स्पष्ट सूचना दिली नाही, तर १०,००० डॉलर मूल्याचा हक्क शुक्रवारी सायंकाळी निमूटपणे संपून जातो. मुदत वाढवून मिळत नाही. सूचना देण्याची वेळही मर्यादित असते, व अनेक दलाल आपल्या कामाच्या सोयीसाठी ती आणखी अलीकडे ओढतात.

याच आकड्याचा उलटा फटका कॉलधारकास बसू शकतो, आणि तो अधिक क्रूर आहे. १०० डॉलर करारभावाचा कॉल ज्याच्याकडे होता त्याला शेवटच्या भावाप्रमाणे ६.०४ डॉलरचा फायदा दिसतो. संस्थेने तो भाव धरला तर हा कॉल आपोआप बजावला जातो व धारकास १०,००० डॉलर मोजून मृतवत् शेअर घ्यावे लागतात. ते टाळण्यासाठी ‘हक्क बजावू नये’ अशी सूचना त्याने मुदतीपूर्वी दिली पाहिजे. विकल्पधारकाचे नुकसान प्रीमियमपुरते मर्यादित असते, या विधानाला येथे तडा जातो. हक्क न बजावण्याचे स्वातंत्र्य त्याला असते खरे. पण ते मागून घ्यावे लागते.

पुटधारकाने वेळेत सूचना दिली असे धरू. आता त्याला दोन दिवसांच्या हवालीमुदतीत १०० शेअर द्यावयाचे आहेत आणि ते त्याच्याजवळ नाहीत. मग त्याचा दलाल ते उसने मिळवतो व धारकाच्या नावावर शंभर शेअरचे देणे मांडतो. खात्यात विक्रीचे १०,००० डॉलर जमा दिसतात. पण देणे असलेल्या शेअरची किंमत पुन्हा त्याच १०६.०४ डॉलरच्या भावाने, म्हणजे १०,६०४ डॉलर, धरली जाते. ज्याला मोठा नफा झाला आहे तो वहीवर ६०४ डॉलरनी तोट्यात दिसतो. उसन्या विक्रीसाठी शेअरच्या किमतीच्या दीडपट रक्कम खात्यात असावी हा अमेरिकेतील मूळ नियम लावला, तर १५,९०६ डॉलर लागतात. जमा झालेले १०,००० वजा जाता त्याने आणखी ५,९०६ डॉलर आणले पाहिजेत. स्थगित शेअरच्या बाबतीत दलाल याहूनही अधिक मागू शकतो. ८०० डॉलरची पुंजी घेऊन आलेल्या माणसाला हे शक्य होत नाही. म्हणून काही दलालांनी खात्यात शेअर नसलेल्यांना हक्क बजावू देण्यास नकार दिला, काहींनी जादा रक्कम घेऊन परवानगी दिली. याविषयी सर्वांना सारखा लागू होणारा नियम नव्हता, आणि आपल्या दलालाचे धोरण काय आहे हे बहुतेकांना त्याच आठवड्यात प्रथम समजले.

उसन्या शेअरचे भाडे हा यापुढचा भाग. तेही थिजलेल्या भावावर मोजतात. समजा, भाड्याचा दर वार्षिक शंभर टक्के आहे. टंचाईच्या वेळी असे दर अशक्य नाहीत. तर १०,६०४ डॉलरवर ३६० दिवसांच्या वर्षाने दररोज सुमारे साडेएकोणतीस डॉलर होतात. स्थगिती आठवडाभर टिकली तर ही रक्कम नफ्याच्या मानाने किरकोळ ठरते. वर्षभर टिकली तर सर्व नफा भाड्यातच जातो. स्थगिती किती टिकणार हे मात्र हक्क बजावताना कळलेले नसते. जिंकलेला माणूस हातचा हक्क सोडून देण्याचा विचार करू लागतो, तो या अनिश्चिततेमुळे.

प्रत्यक्षात काय झाले ते असे. पुटाची मुदत ज्या दिवशी संपली त्याच दिवशी, १७ मार्च रोजी, एसव्हीबी फिनान्शियल ग्रुपने दिवाळखोरीचा अर्ज केला. बँक सरकारच्या ताब्यात गेली असली तरी मालक कंपनी कायद्याने अस्तित्वात होती, म्हणून तिचे शेअर रद्द झाले नव्हते व ते हवाली करता येत होते. २८ मार्चला ते नॅसडॅकबाहेरील खुल्या बाजारात पुन्हा विकले जाऊ लागले आणि भाव डॉलराच्या आत आला. ज्याने हक्क बजावून देणे मांडून घेतले होते त्याला शंभर शेअर शंभर डॉलरहूनही कमी रकमेत परत घेता आले. भाडे, दलाली व प्रीमियम वजा जाता त्याचा नफा नऊ हजार डॉलरच्या आसपास राहिला असता. ज्याने पैसे नसल्यामुळे किंवा सूचना द्यावयाची असते हे ठाऊक नसल्यामुळे १७ मार्च जाऊ दिला, त्याचे ८०० डॉलर बुडाले. दोघांची अटकळ एकच होती.

ज्याच्याजवळ मुळात शेअर होते व ज्याने ते सांभाळण्यासाठी विम्यासारखा पुट घेतला होता, त्याला यांतील कोणतीही अडचण आली नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्याने आपलेच शेअर हवाली केले व ठरलेले १०० डॉलर घेतले. त्याला उसने शेअर, भाडे वा जादा रक्कम यांचा विचारही करावा लागला नाही. एका पुटासमोर दुसरा पुट विकलेल्यांची स्थिती मधली होती. १०० चा पुट घेऊन ९० चा पुट विकणाऱ्यास वाटते, की दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या आहेत. परंतु ९० च्या पुटाचा धारक आपला हक्क बजावील की नाही, हे या काळात सांगता येत नव्हते. त्याने बजावला तर शेअर अनायासे हाती येतात व तेच पुढे १०० ला देता येतात. न बजावला तर आपल्या बाजूने शेअरचे देणे उघडे पडते.

स्थगिती लांबली तर काय होते हे एक वर्ष आधी दिसून आले होते. रशियन कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवणूक करणारा व आरएसएक्स या चिन्हाने विकला जाणारा व्हॅनएक कंपनीचा फंड अमेरिकेत लोकप्रिय होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर मॉस्कोचा शेअरबाजार बंद झाला आणि ४ मार्च २०२२ रोजी या फंडाचे व्यवहार अमेरिकेतही थांबवण्यात आले. त्यावरील विकल्प एकामागून एक मुदत संपून बाद होत गेले, पण व्यवहार काही सुरू झाले नाहीत. हक्क बजावून शेअरचे देणे पत्करलेल्यांना ते परत घेण्यासाठी बाजारच उरला नव्हता. त्यांची सुटका फंड गुंडाळला जाण्यावर अवलंबून राहिली, व तसा निर्णय झाला तो डिसेंबर २०२२ मध्ये. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या वेळी अनेक दलाल धास्तावले होते, त्यामागे ही ताजी आठवण असावी.

भारतात विकल्प उशिरा आले आणि काही बाबतींत वेगळ्या रचनेने आले. राष्ट्रीय शेअरबाजारात निर्देशांकावरील विकल्प जून २००१ मध्ये व निवडक शेअरवरील जुलै २००१ मध्ये सुरू झाले. त्याच जुलै महिन्यापासून निर्देशांकासाठी १०, १५ व २० टक्क्यांची खंडकमर्यादा लागू झाली. सामान्य शेअरांना दैनिक भावमर्यादा असते व ती गाठली की शेअर ‘सर्किटला लागला’ असे म्हणतात. मग एकाच बाजूची मागणी राहते व प्रतिपक्ष मिळत नाही. ज्या शेअरवर विकल्प आहेत त्यांना मात्र अशी ठाम मर्यादा लावलेली नाही. त्यांच्या भावपट्टीची पहिली रुंदी १० टक्के असली तरी भाव सरकेल तशी ती पुढे सरकवली जाते. या सवलतीमागील कारण कोंडीचेच आहे: शेअर थांबला तर त्यावरील विकल्पधारक अडकतो, म्हणून शेअर शक्यतो थांबू द्यावयाचा नाही.

निर्देशांकाची मर्यादा मात्र सर्वांना लागू पडते. निर्देशांकावरील भारतीय विकल्पांची पूर्तता रोख फरकाने व फक्त मुदतीच्या दिवशी होते; मध्येच हक्क बजावण्याची सोय नाही. म्हणजे मुदतीपूर्वी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग येथे मुळातच नसतो. १८ मे २००९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या निकालानंतरच्या पहिल्या सत्रात, मुंबईचे दोन्ही निर्देशांक उघडताच मर्यादेवर आदळले. काही वेळाने बाजार पुन्हा उघडला, पुन्हा मर्यादा गाठली गेली व दिवसभरासाठी व्यवहार बंद झाले. सेन्सेक्स १७.३४ टक्के वाढून १४,२८४.२१ वर थांबला. निर्देशांक २० टक्के वाढलेला नसताना दिवसभराची स्थगिती कशी, असे आज वाचणाऱ्यास वाटेल. त्या काळी मर्यादेचे अंक मागील तिमाहीच्या अखेरच्या पातळीवरून ठरत, आदल्या दिवसावरून नव्हेत. या वेळी अडकले ते प्रामुख्याने कॉल लिहून देणारे. धारकांना नफा घेता येईना हे खरे, पण लिहिणाऱ्यांना तोटा थांबवता येईना, आणि त्यांच्या तोट्याला वरची सीमा नसते.

१३ मार्च २०२० ची स्थगिती याच्या उलट दिशेची व अल्पजीवी होती. निफ्टी सकाळी सुमारे १० टक्के उतरून ८,६२४.०५ वर असताना व्यवहार ४५ मिनिटांसाठी थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर तो क्षणभर ८,५५५.१५ पर्यंत गेला, आणि मग दिशा बदलून दिवसअखेरीस ९,९५५.२० वर, म्हणजे आदल्या दिवसापेक्षाही वर, बंद झाला. ९,००० च्या पुटाचा धारक सकाळी पावणेचारशे अंकांच्या फायद्यात थांबला होता; दुपारनंतर तो फायदा उरला नव्हता. तथापि त्याला दार उघडल्यावर विकण्याची संधी मिळाली होती व दार केव्हा उघडेल हेही त्याला ठाऊक होते. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या पुटधारकाशी त्याची तुलना करता येणार नाही.

त्या तुलनेस योग्य असे भारतीय उदाहरण त्याच महिन्यातील आहे. ५ मार्च २०२० रोजी सायंकाळी रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या येस बँकेवर निर्बंध लादले. ठेवीदारांना ५०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली. अमेरिकेत अशा बातमीनंतर शेअरचे व्यवहार थांबले असते. येथे ते दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सुरू झाले. शेअरवर विकल्प असल्यामुळे त्यास ठाम मर्यादा नव्हती. ३६.८० रुपयांचा भाव दिवसभरात साडेपाच रुपयांपर्यंत कोसळला व १६ रुपयांच्या आसपास बंद झाला. भागधारकांच्या दृष्टीने हा दिवस भयंकर होता. पण पुटधारकाला आपला करार विकता आला, ज्याने कॉल लिहिले होते त्याला ते परत घेता आले, आणि कोणाच्याही खात्यात जुना, थिजलेला भाव उरला नाही.

कोंडी तेथेही झाली, पण ती दुसऱ्या जागी. केंद्र सरकारने १३ मार्चला अधिसूचित केलेल्या पुनर्रचना योजनेनुसार १०० पेक्षा अधिक शेअर असलेल्यांच्या त्या तारखेच्या शेअरपैकी ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी विकता येणार नाहीत असे ठरले. भारतात ऑक्टोबर २०१९ पासून सर्व शेअरविकल्पांची पूर्तता शेअर हवाली करूनच होते. तेव्हा ज्याने आपल्या शेअरच्या संरक्षणासाठी पुट घेतला होता त्याच्या तीन-चतुर्थांश शेअरना कुलूप लागले; पुट बजावून द्यावयाचे तर त्याला बाजारातून नवे शेअर घ्यावे लागणार होते, व जुने तसेच पडून राहणार होते. न्यूयॉर्कमध्ये जो सर्वांत सुरक्षित ठरला त्याच प्रकारचा धारक मुंबईत अडकला, आणि ज्याच्याजवळ एकही शेअर नव्हता तो मोकळा झाला.